काचेलगतची तुळस

जानेवारीतल्या एका सकाळी ताईचा फोन आला. एरवी तिचा फोन ‘काय गं, झाला का चहा?’ इथून सुरू होतो. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, ‘फोटो पाठवलाय, तो आधी बघ.’ फोटो भाच्यानं हॅम्बुर्गहून पाठवलेला होता. खिडकीची रुंद दगडी कड, मागे धुरकट काच, काचेवर साठलेले पाण्याचे थेंब आणि पुढे मातीच्या कुंडीत वीतभर वाढलेली तुळस. तिची निम्मी पानं काळी पडली होती. पानं वाळलेली नव्हती. ती ओली आणि लोळागोळा झालेली होती, देठापासून खाली लोंबत होती. ‘काल रात्री टवटवीत होती म्हणतो,’ ताई म्हणाली. मग थोडा वेळ ती काही बोलली नाही, आणि नंतर अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, ‘त्याचं तिकडे सगळं ठीक असेल ना गं?’

हा प्रश्न मला दिवसभर सोडेना. मी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं, पण ताईला ‘असं काही नसतं’ म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. आम्ही दोघी एकाच आजीच्या हाताखाली वाढलो. घरातली तुळस अचानक सुकली की आजी आधी गावाला गेलेल्या माणसांची नावं घ्यायची, एकेकाची खुशाली आठवायची आणि मगच मुळाशी उकरून बघायची. उकरून बघायची हेही खरं, आणि नावं घ्यायची हेही खरं. ताईच्या मनात ती नावं घेणारी आजी अजून जागी आहे. माझ्यातही आहे. फक्त माझा हात आधी मुळाकडे जातो.

म्हणून फोटो मोठा करून पाहिला. काळी पडलेली सगळी पानं एकाच बाजूची होती, काचेच्या बाजूची. खोलीकडे तोंड करून असलेली पानं हिरवीगार होती. एका पानाचा तर अर्धा भाग काळा आणि अर्धा हिरवा होता, आणि जो काळा होता तो काचेला टेकलेला. मी ताईला लगेच फोन करून हे सांगितलं. तुळशीला काही झालं असेल तर ते त्या काचेपाशी झालंय, मुलगा खोलीत आहे आणि खोलीकडची बाजू धडधाकट आहे. ती ‘बरं’ म्हणाली, पण तिचा आवाज पूर्ण सैल झाला नव्हता.

या तुळशीची गोष्ट त्याच्या जाण्यापासूनच सुरू होते. निघायच्या आदल्या दिवशी ताईनं नाशिकजवळच्या मखमलाबादच्या घरच्या वृंदावनातली वाळलेली मंजिरी चुरून, फुंकर घालून बी वेगळं केलं आणि कागदाच्या पुडीत बांधून त्याच्या बॅगेत ठेवलं. त्यानं ते काढून आईच्या हातात परत दिलं. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला रोप किंवा बी न्यायचं असेल तर आरोग्य प्रमाणपत्र लागतं, मग ते चिमूटभर का असेना. माती तर नेताच येत नाही. बियांबरोबर बुरशी आणि विषाणू कसे प्रवास करतात हे मी वर्गात इतकी वर्षं सांगत आले, तेव्हा मी त्याचीच बाजू घेतली. ताईला ते लागलं. आमच्या घरात लेक सासरी गेली तरी वृंदावनातलं रोप तिच्याबरोबर जायचं, हे तिच्या डोळ्यासमोर असणार. ती पुडी तिनं टाकली नाही. देवघराच्या खणात आहे.

तिकडे गेल्यावर त्यानं तिथल्याच दुकानातून बियांचं पाकीट घेतलं आणि नोव्हेंबरात पेरलं. मला न विचारता पेरलं, कारण तुळस लावायला विचारायचं काय, असं त्याला वाटलं असेल. बरोबरच आहे. आपल्याकडे ती फरशीच्या फटीतही उगवते. उबेला ठेवली तेव्हा आठ-दहा दिवसांत रोपं वर आली, अर्धचंद्राच्या आकाराची इवली दोन-दोन पानं घेऊन. पण हॅम्बुर्ग साडेत्रेपन्न अक्षांशावर आहे. डिसेंबरात तिथला दिवस साडेसात तासांचा असतो, आणि त्यातही सूर्य ढगाआड. आपल्या नाशिकचा सगळ्यांत लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या जवळपास असतो. उजेड शोधत ती रोपं पांढुरकी, दोऱ्याएवढी बारीक होऊन काचेकडे कलली, आणि मग एकेक करून मातीलगत पिचून आडवी झाली. त्यानं पाठवलेल्या फोटोत देठ जिथं मातीतून बाहेर येतो तिथं पाणचट, चिमटा घेतल्यागत झालेला दिसत होता. आमच्याकडच्या कांद्याच्या रोपात पावसाळी हवेत जी मर लागते, तीच ही. गार, ओली माती, कोंडलेली हवा आणि अशक्त रोप एवढं जमलं की मातीतल्या बुरशीला दुसरं काही लागत नाही. त्याला मी सांगितलं, आता फेब्रुवारी संपेपर्यंत पेरू नकोस.

तो थांबला, पण तुळस थांबली नाही.

डिसेंबरात तो एका थाई किराणा दुकानात तांदूळ आणायला गेला होता. भाजीच्या शीतपेटीजवळून जाताना त्याला वास आला. ‘मावशी, आईनं सर्दीचा काढा उकळायला ठेवलाय असं वाटलं,’ तो मला नंतर म्हणाला. पेटीत पालेभाज्यांबरोबर एक जुडी होती, बारीक लव असलेले जांभळट देठ, कडेला दाते असलेली पानं, वर मंजिरी. थाई लोक तिला कप्राव म्हणतात आणि लसूण-मिरचीबरोबर मोठ्या आचेवर परततात, बहुतेक वेळा मांसात. त्यानं फोटो पाठवून विचारलं, ‘ही तीच का?’ मी हो म्हटलं. जातकुळी एकच, शास्त्रीय नावही एकच, ऑसिमम टेन्युइफ्लोरम. वास लवंगेकडे झुकतो कारण लवंगेतलं युजेनॉल हिच्याही तेलात असतं. खरं तर परदेशात ‘तुळस’ म्हणून बियांची जी पाकिटं मिळतात त्यातली काही भलत्याच जातीची निघतात, थंडी जरा जास्त सोसणारी, वासाला गोडसर. दुकानातली ही जुडी त्यापेक्षा आपल्या अंगणाच्या जास्त जवळची होती.

त्यानं ती जुडी घेतली. शीतपेटीत राहून निम्मी पानं काळवंडलेली होती, ती काढून टाकली. चांगल्या, न झुकलेल्या तीन-चार फांद्या निवडून पेराच्या जरासं खाली तिरका काप घेतला, खालची पानं आणि वरची मंजिरी खुडली आणि फांद्या पाण्याच्या ग्लासात स्वयंपाकघरात ओट्याच्या आतल्या बाजूला ठेवल्या, जिथं ऊब असते. पाणी एक दिवसाआड बदलत होता. दहाएक दिवसांत पेरातून पांढरी मुळं फुटली. बोटाच्या दोन पेरांएवढी झाल्यावर त्यानं एक फांदी मातीच्या छोट्या कुंडीत लावली. मुळं फार लांब होऊ देऊ नयेत, पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात आणि मातीत जाताना तुटतात, एवढंच मी सांगितलं होतं. बाकी सगळं त्याचं.

ताईला हे कसं सांगायचं, हा आमच्या दोघांपुढे प्रश्न होता. जी तुळस तिथं मांसात परततात, तिची फांदी घरात लावून तिला नमस्कार करायचा? मी तिला काहीही न लपवता सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘दुकानात होती, तिथून त्यानं सोडवली. आता ती घरी आहे.’ त्या दिवसापासून ती ‘तिची’ चौकशी करू लागली. मला बहिणीचा त्या दिवशी फार अभिमान वाटला.

आणि मग तो जानेवारीतला फोटो.

पान थंडीनं काळं कसं पडतं हे मी ताईला वांग्यावरून सांगितलं. वांगं चिरून ठेवलं की फोड काळी पडते, कारण सुरीनं पेशी फाटतात आणि आतले रस एकमेकांत मिसळून हवेला लागतात. तुळशीच्या पानात हेच काम थंडी करते, सुरीशिवाय. ही उष्ण प्रदेशातली वनस्पती. तापमान दहा-बारा अंशांच्या खाली गेलं की तिच्या पेशींचं आवरण ताठरतं, त्याला गळती लागते, आणि आतला रस बाहेर झिरपतो. म्हणून पान आधी ओलं दिसतं आणि मग काळं होतं. बर्फ पडायची गरज नसते. एकदा काळं झालेलं पान परत हिरवं होत नाही, पण खोड आणि बगलेतले डोळे शाबूत असतील तर रोप वाचतं.

पण भाच्याला हे पटेना. ‘मावशी, खोलीत वीस अंश आहेत. मी स्वतः शर्टावर बसतो.’

इथं आमचे भावोजी मदतीला आले. ते द्राक्षवाले. फोनवर एवढा वेळ फक्त ऐकत होते, मग त्यांनी एकच विचारलं, ‘दिवसाचं सांगू नकोस. पहाटे पाचला कुंडीपाशी किती असतं?’ निफाडचा पारा चार-पाचावर आला की नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागांत माणसं झोपत नाहीत. पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात, म्हणून बांधावर शेकोट्या पेटवतात, धूर बागेवर रेंगाळू देतात. त्यांना ठाऊक असतं की गावातला आकडा आणि बागेतला आकडा वेगळा, आणि बागेतसुद्धा खोलगट भागातला आणखी वेगळा. भावोजींनी त्याला कमाल आणि किमान दोन्ही लक्षात ठेवणारा साधा तापमापक आणायला सांगितला. त्यानं तो कुंडीच्या मातीवर टेकवून ठेवला आणि झोपला. सकाळी किमान आकडा सहा होता.

मग त्याच्या खोलीची रात्र आम्ही फोनवरून जागून काढल्यागत समजून घेतली. खिडकीखाली हीटर आहे, पण इमारतीतली मध्यवर्ती उष्णता रात्री कमी करतात. झोपताना तो जाड पडदा ओढतो. कुंडी मग पडदा आणि काच यांच्यामध्ये कोंडली जाते. खोलीची ऊब पडद्याच्या आत राहते आणि तुळस जणू बाहेर. खाली दगडी कड, तीही गार, त्यामुळे मुळंही गारठतात. आणि सकाळी उठल्यावर घरमालकाच्या सूचनेप्रमाणे तो खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा बदलतो. जर्मनीत हे घराघरांत करतात, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. तिथल्या खिडक्या आत उघडतात. म्हणजे कुंडी आधी बाजूला सरकवायलाच हवी. त्या दिवशी बाहेर उणे सात होतं आणि उशीर झाला म्हणून त्यानं खिडकी पूर्ण न उघडता नुसती वरून कलती केली, कुंडी तिथंच ठेवून. वरून आलेली थंड हवा सरळ खाली त्या पानांवर उतरली असणार.

त्यानं बदल केले ते साधे होते. कुंडीखाली बूचाची जाड फळी. संध्याकाळी पडदा ओढायच्या आधी कुंडी उचलून टेबलावर, आणि सकाळी हवा बदलून झाल्यावर, खिडकी बंद केल्यावरच परत कडेवर. काळ्या फांद्या हिरव्या पेराच्या वर कापल्या. तापमापक पंधराच्या खाली जाऊ द्यायचा नाही, हा भावोजींनी घातलेला दंडक. टेबलाचा दिवा रात्री अभ्यासाला लागतोच, त्यात पांढरा एलईडी घालून तो कुंडीच्या वर वीतभर अंतरावर आणला आणि टायमर लावून सकाळ-संध्याकाळ मिळून चौदा तासांचा उजेड पुरा केला. तीन आठवड्यांत कापलेल्या जागेखालच्या बगलांतून दोन-दोन नवे फुटवे आले.

खरी अडचण पाण्याची होती. थंडीचं आम्ही तिघांनी मिळून पाहिलं, पण पाणी ताईच्या वाट्याचं होतं. रोज सकाळी तिकडच्या सातला तिचा फोन जायचा. ‘तुळशीला पाणी घातलंस?’ आणि तो घालायचा. आपल्याकडे अंघोळीनंतर तांब्याभर पाणी वृंदावनात ओततो, ऊन आणि वारा ते दुपारपर्यंत पिऊन टाकतात. तिथं जानेवारीत रोप फार कमी पाणी ओढतं, उजेड नसताना त्याचा खर्चच नसतो, आणि गार मुळं समोर असलेलं पाणीही उचलू शकत नाहीत. मग पानं मलूल होतात. बघणाऱ्याला वाटतं तहान लागली, तो आणखी ओततो. ओल्या मातीत मुळं गुदमरतात, सडतात, आणि पानं आणखी मान टाकतात. भावोजींनी इथं त्यांच्या बागेचा उपाय सुचवला, पहाटे विहिरीचं कोमट पाणी सोडायचा. मला त्यांना थांबवावं लागलं. विहिरीचं पाणी थंडीत जमिनीपेक्षा उबदार असतं आणि बागेत ते मुरून जातं. कुंडीतलं पाणी कुठं जाणार?

कुंडी उचलून बघ, असं मी भाच्याला शिकवलं. पाणी घातल्यावर लगेच उचल आणि ते वजन हाताला कळू दे. मग रोज उचल. निम्म्यानं हलकी वाटली आणि बोट दोन पेरं आत घातल्यावर माती कोरडी लागली, तरच पाणी, तेही खोलीत ठेवलेलं, आणि खालच्या छिद्रातून निथळेपर्यंत. बशीत साठलेलं ओतून द्यायचं. पानं मलूल आणि कुंडी जड, असं असेल तर पाणी नाही. मातीला आंबूस वास आला तर रोप काढून कुजलेली तपकिरी मुळं कापायची आणि एक तृतीयांश जाड वाळू किंवा परलाइट मिसळलेल्या ताज्या मातीत बसवायचं. हिशोब असा निघाला की जानेवारीत आठवड्यातून एकदा पाणी पुरे.

आठवड्यातून एकदा! ताईला हे ऐकवणं मला त्या कप्रावच्या जुडीपेक्षा अवघड गेलं. तिच्यासाठी ते पाणी म्हणजे रोपाची गरज नव्हतीच. मुलगा सकाळी उठला, अंघोळ केली, तुळशीसमोर उभा राहिला, एवढं तिला त्या पाण्यातून कळत होतं. ते बंद झालं तर तिला काय कळणार? मी तिच्याकडे गेले होते तेव्हा आम्ही वृंदावनापाशीच बसून बोललो. तिची तुळस जानेवारीत तशीही काटक्या झालेली असते, पानं थोडी, जांभळट, आणि रात्री ती तिच्यावर जुनं सुती लुगडं पांघरते. मी म्हटलं, ‘ताई, तू तरी हिला आता किती घालतेस?’ तिनं तांब्याकडे पाहिलं. थंडीत ती तांब्यातलं निम्मं पाणी पायरीवर सोडते, हे तिचं तिलाच बोलता बोलता आठवलं. आजीही सोडायची. मग तिनंच तोड काढली. भाच्याकडे तिनं दिलेली छोटी पळी आणि ताम्हण आहे. रोज सकाळी पळीभर पाणी तुळशीसमोर ताम्हणात सोडायचं. कुंडीत फक्त वजन सांगेल तेव्हा.

आता सकाळच्या फोनवर ती विचारते, ‘उचललीस का?’

फेब्रुवारीच्या मध्यानंतर दिवस दहा तासांच्या पुढे गेला आणि रोपानं वेग घेतला. त्याआधी भाचा कुरकुरत होता की पान चुरगळलं तरी वास येत नाही. अपुऱ्या उजेडात वाढलेल्या पानांत तेल कमीच तयार होतं. दिव्याखाली आलेल्या नव्या पानांना वास होता, आणि तो त्याला कुंडी उचलताना आपोआप मिळू लागला. मार्चमध्ये शेंड्यावर पहिली मंजिरी दिसली. ताईनं लगेच खुडायला सांगितली. मंजिरी म्हणजे तुळशीच्या डोक्यावरचा भार, तो उतरवायचा असतो, असं ती मानते. मीही तेच सांगितलं असतं, कारण बी धरायला लागलं की रोप नवी पानं द्यायचं थांबवून म्हातारं व्हायला लागतं. एकाच गोष्टीवर आम्ही दोघी वाद न घालता पोचलो, असं क्वचित होतं. फक्त रविवारी खुडायची नाही, हे तिनं बजावलं, आणि तो सोमवारपर्यंत थांबला.

ग्लासातल्या उरलेल्या फांद्यांपैकी एक त्यानं शेजारच्या आजीबाईंना दिली आहे. सुट्टीत तो नाशिकला आला तर त्याची कुंडीही त्यांच्याकडेच राहील. त्यांना रोपांची उत्तम जाण आहे. एप्रिलमध्ये आठवडाभर छान ऊन पडलं तेव्हा त्यानं कुंडी बाल्कनीत काढायचं ठरवलं, तर त्यांनी जिन्यातच अडवलं. ११ ते १५ मे हे तिकडच्या थंडीच्या संतांचे दिवस. त्या दिवसांत हिम परतून येतं असं जुने माळी मानतात आणि ते गेल्याशिवाय नाजूक रोप कुणी बाहेर ठेवत नाही. ताईला हे ऐकून इतकं आपलंसं वाटलं की तिनं दिनदर्शिकेवर १६ मेला खूण केली आणि मला विचारलं, त्या दिवशी एकदम उन्हात ठेवायची का. मी नाही म्हटलं. घरात वाढलेलं पान कोवळं असतं, थेट उन्हानं ते करपून पांढरं पडतं. पहिले आठ दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, आणि रात्री पारा बाराच्या खाली जाणार असेल तर आत. तिनं ते सगळं खुणेशेजारी बारीक अक्षरात लिहून घेतलं, आणि मग भाच्याला फोन लावून वाचून दाखवलं.